तारेच्या दोराचे अठ्ठ्याहत्तर दिवस

इनायत तांबोळी हा माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुसगावाजवळच्या खडीच्या खाणीत एकोणीस वर्षं स्टोअरचा कारकून. हिशेबात एक खिळा कमी भरला तर त्याला घास गोड लागायचा नाही. अक्षर असं सुबक, की साहेबलोक आपल्या चिठ्ठ्या त्याच्याकडून लिहवून घ्यायचे. असा माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी घालवून लोणावळ्याच्या बाजारातल्या आपल्या दोन खोल्यांत येऊन बसला, आणि घालवली ती स्वतःच्या हातानं. लोक म्हणाले, डोकं फिरलं बिचाऱ्याचं. छे हो, कसलं फिरलंय! तेवढे दिवस त्या एकट्याचंच डोकं ठिकाणावर होतं.

झालं ते असं. एकोणीसशे अडतीसचा मे महिना, सोळा तारीख, सोमवार. खाणीतून खडीचे डबे तारेच्या दोरानं चढावर ओढत. तो दोर तुटला. भरलेला डबा उलटा सुटला आणि खाली रुळांजवळ उभा असलेला हौशीराम जागच्या जागी गेला. परंदवडीचा गडी, अजून तिशी गाठली नव्हती. आणि नवा दोर कधी आला? वीस मेला, मालगाडीनं. हौशीरामची राखसुद्धा सावडून झाली होती. चार दिवस उशीर!

आता कुणाच्या तरी गळ्यात घोंगडं अडकवायला हवंच होतं. ते अडकवलं दत्तोबा मिस्त्रीच्या. दोर झिजलाय, नवा मागवा, असं मागणीपत्र लिहायचं काम त्याचं. मागणीपत्रावर त्याच्या हातची तारीख होती तीन मार्च. पण स्टोअरचा शिक्का होता बारा मार्चचा. इंजिनिअरसाहेब म्हणाले, मिस्त्रीनं मागाहून खोटी तारीख टाकली. जूनमध्ये मुंबईहून मॅनेजर चौकशीला येणार होते. खोटेपणा ठरला की दत्तोबा पोलिसांच्या ताब्यात जाणार, हे शेंबडं पोरसुद्धा सांगत होतं.

दत्तोबा स्टोअरच्या दारात येऊन उभा राहिला. एवढा दांडगा माणूस, पण उंबरा ओलांडून आत येईना.

"इनायतभाऊ, म्या तीन तारखेलाच लिवलं. दुसऱ्या दिशी अंबाजी शिपायानं तुमच्या हातात दिलं. तुमाला ठावं हाय न्हवं?"

ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं! तोंडातून मात्र "बघतो" एवढंच निघालं.

इथं त्या कचेरीतली रीत सांगायला हवी. कागद हातात पडला की आवक शिक्का मारावा, असा नियम. पण शिक्का मारला की दिवस मोजायला लागतात. म्हणून शहाणे लोक कागद तसाच गठ्ठ्यात ठेवत आणि ज्या दिवशी कामाला घ्यायचा त्या दिवशी शिक्का मारत. मग कागदावर काय दिसे? आज आला, उद्या गेला. वा रे कारभार! साहेबापासून खालपर्यंत सगळे असंच करत, आणि नव्या कारकुनांना ही युक्ती शिकवणारा इनायतच होता.

पण अंबाजीचं डाकबुक कुणाच्या ध्यानात नव्हतं. तो कागद नेऊन देई तेव्हा घेणाऱ्याची सही आणि तारीख त्या बुकात घेई. न वाचता, उभ्याउभ्या केलेल्या त्या सह्या. कुणाला त्या आठवतही नव्हत्या.

शुक्रवारची नमाज झाल्यावर इनायतनं अंबाजीकडून ते बुक मागून घरी आणलं आणि मोठा चौकटींचा कागद पसरला. एक दिवस म्हणजे एक घर. आडव्या ओळी ज्याच्या त्याच्या टेबलाच्या. डाकबुकातली सही ही खरी आवक. पुढच्या टेबलावरची सही ही खरी जावक. या दोहोंमधली घरं त्या टेबलाची. शिक्क्याच्या आधीची घरं तांबड्या पेन्सिलीनं भरली, नंतरची निळ्या.

इंजिनिअरसाहेबांकडे कागद बारा मार्चला गेला, आठ एप्रिलला निघाला. सत्तावीस दिवस. शिक्का सात एप्रिलचा, म्हणजे सव्वीस तांबडी, एक निळं. मग हिशेब खातं, सव्वीस एप्रिलपर्यंत अठरा. सतरा तांबडी, एक निळं. मुंबईला पोचायला टपालाचा एक दिवस. तिथं मंजुरीला बारा, पुढे दोर यायला अकरा. ते दोन्ही त्यानं कोरेच ठेवले, कारण मुंबईच्या आत काय झालं ते बुकात नव्हतं. जे ठाऊक नाही ते रंगवायचं नाही.

पहिली ओळ तेवढी राहिली होती. स्टोअर.

"ही का नाही भरली?" बायको मेहमुदानं विचारलं.

"बारा तारखेपासून धरलं तरी चालतंय."

"मग दत्तोबाची तीन तारीख खोटी ठरेल की!"

इनायतनं बुकाचं पान उलटलं. डाकबुकात चार मार्चसमोर त्याचीच सुबक सही होती. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की पेन्सिल धरवेना. शेवटी दत्तोबाकडून स्टोअरपर्यंतचा एक दिवस मांडला आणि पुढची आठ घरं तांबडी केली. एकूण अठ्ठ्याहत्तर भरले.

चौकशीत मॅनेजरनं तो कागद बराच वेळ न्याहाळला. डाकबुक मागवलं, सह्या ताडून पाहिल्या. दत्तोबा सुटला. इंजिनिअरसाहेब म्हणाले, कागद विचाराधीन होता. हिशेब खातं म्हणालं, काम फार होतं. मग मॅनेजर इनायतकडे वळले.

"आणि तुझे आठ दिवस?"

"पडून होता, साहेब. शिक्काही मी जाणूनबुजून उशिरा मारला."

मेल्यानं काहीतरी सबब सांगायची! नाही सांगितली. खोटा शिक्का मारल्याची कबुली देणारा कचेरीत एकच निघाला, म्हणून काढून टाकलंही एकालाच. बाकीचे आपापल्या खुर्चीवर परत गेले.

बाहेर पडवीत हौशीरामची बायको धोंडाबाई बसली होती. आत बोलावतील या आशेनं सकाळपासून आली होती. कुणी बोलावलं नाही. इनायत तिच्यासमोर थांबला. चुकवून गेला असता तर कुणी अडवलं नसतं.

"भाऊ, त्या कागदात काय व्हतं?"

त्यानं उभ्याउभ्या सांगितलं. कुणाचे सत्तावीस, कुणाचे अठरा, आपले आठ.

"तुमचं तर लय कमी हायती," ती म्हणाली.

तिला बापडीला त्याची दयाच आली असावी. ती दया मात्र त्याला सोसली नाही.

"कमी नाहीत, बाई. आमच्याकडून कागद शनिवारीच जातात. पाच मार्चच्या शनिवारी धाडला असता, तर सात दिवस वाचले असते. बाकीच्यांनी तेवढाच उशीर केला असता, तरी दोर तेरा मेला इथं आला असता. पंधराला रविवार, खाण बंद. दत्तोबानं त्या दिवशी तो चढवला असता."

सोळाचं त्याला बोलवेना. बोलायची गरजही नव्हती. धोंडाबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं.

"मग का न्हाई धाडला?"

"एकट्या कागदासाठी पाकीट कशाला, म्हटलं. आणखी मागण्या येतील, मग सगळं एकदम धाडू."

"आल्या का मग?"

"एक आली," इनायत म्हणाला. "झाडूंची."