लेकीच्या दिवसाची घडी

माझी थोरली लेक नऊ महिन्यांची होती तेव्हा मला पुन्हा दिवस गेले. निजामाचं राज्य होतं, औंढ्यापासून कोसभर आमचं गाव, आणि घरात सासूचा शब्द म्हणजे शेवटचा. सासूबाईंनी एकदा माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "पोटुशी बाईचं दूध लेकराला बाधतं. आजपासून तोड." दूध बाधतं की न्हाई हे कोण कुणाला विचारणार? पुढं एका नर्सबाईनं मला सांगितलं की तसं काही नसतं. पुढं कळून काय उपयोग, मेलं!

कडुलिंबाचा पाला वाटून छातीला लावला. लेक तोंड लावायची, थू करायची, आणि माझ्याकडं अशी बघायची की मीच तिला फसवलंय. मी बाहेर जाऊन मोठ्यानं भांडी आपटायची. माझा राग कायम भांड्यांवरच निघाला, माणसांवर काढायची सोय नव्हती.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट ठरली. माझ्या मोठ्या जाऊबाईंना लग्नाला पुष्कळ वर्षं होऊनही मूल नव्हतं. थोरले दीर हिंगोलीला कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते, तिथंच दोघं राहायची. दसऱ्याला ती दोघं गावी आली तेव्हा सासूबाईंनी मला हाताला धरून पाटावर बसवलं, माझ्या मांडीवरची लेक उचलली आणि जाऊबाईंच्या ओटीत घातली. वर नारळ, मूठभर तांदूळ. "हिची कूस सुनी, तुझी भरलेली. घरातलं घरातच राहतंय." नवऱ्याकडं बघितलं तर तो छपराचे वासे मोजत होता. जाऊबाई रडत होत्या. आनंदानं रडत होत्या, आणि मला त्यांचा रागसुद्धा धड करता येईना, कारण बाई स्वभावानं गाईसारखी होती.

हिंगोलीला परतायच्या आधी आठवडाभर जाऊबाई माझ्या मागंमागं फिरून लेकीचा दिवस शिकल्या. लिहायवाचायचं कुणालाच येत नव्हतं, सगळं तोंडी. "धाकटे, पुन्यांदा सांग," म्हणायच्या. मी सांगायची.

पहाटे फजरची बांग झाली की ती उठती. उठल्याउठल्या उकळलेलं गाईचं दूध, थोडं पाणी घालून, कोमट, बोंडल्यानं. बोंडल्याची चोच ओठाच्या कडंला लावायची, घशात ओतायचं न्हाई, न्हाईतर ठसका लागतो. मग ओसरीवर घोंगडी टाकून मोकळं सोडायचं. रांगू द्यायचं, वाटी-चमचा आपटू द्यायचा, पदराआड तोंड लपवून भोऽऽ करायचं. ऊन वर आलं की तांदळाची पेज. पेज जिरू द्यायची, पोट भरलेलं असताना अंगाला तेल न्हाई. शेजारच्या मणियाराच्या शेळ्या रानाला सुटल्या की तेल लावून, पाय लांब करून, पायावर घेऊन न्हाणं, ओव्याची धुरी, घोटभर दूध आणि झोळी. त्या झोपेतून उठली की मुगाची मऊ खिचडी, वर तुपाची धार. पुन्हा खेळणं. डोळे चोळायला लागली, कान ओढायला लागली की दुपारची झोप. ऊन ओसरीवरून उतरलं की उठवायचं, दूध पाजायचं. दिवा लागताना लेकराला जागं ठेवायचं, तिन्हीसांजेला झोपणं बरं न्हाई. मीठ-मोहरीनं दृष्ट काढायची, मऊ भात भरवायचा, दूध, आणि मग रातभर झोप.

जाऊबाईंनी पोथीगत पाठ केलं. बैलगाडी निघाली तेव्हा लेक त्यांच्या खांद्यावर झोपलेली होती. झोपेच्या वेळेलाच गाडी जुंपा, म्हणजे रडणार न्हाई, हेही मीच सांगितलेलं. तिनं मागं वळून बघितलंसुद्धा न्हाई, कसं बघणार? झोपेत होती.

पंधरवडा झाला नसेल, थोरले दीर एकटेच आले. तोंड उतरलेलं. ओसरीवर बसले, पाणीसुद्धा घेईनात. त्या काळी धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरापुढं यायचं नसे, बोलणं तर लांबच. मी दाराआड उभी राहिले, पदर कपाळाखाली. सासूबाई उंबऱ्यात.

दीर आईला म्हणाले, "पोरगी दिसभर रडून राहिली. दूध पाजलं की न्हाताना ओकती. खिचडी तोंडाशी नेली की मान फिरवती. चार घास पोटात न्हाईत तिच्या. गाल बसले. तुझ्या सुनेच्याबी डोळ्याला डोळा न्हाई." मग म्हणाले, "शेजारची मानसं म्हनत्यात, लेकराचं मन लागंना. आईकडं नेऊन सोडा. आता तू म्हनशील तसं, आई. परत आनू का?"

परत आणू का! लेकरू तिकडं वाळून जाण्यापेक्षा दिलेलं परत घ्यावं, एवढं सासूबाईंनाही कळत होतं. त्यांच्या तोंडून नुसतं "आन बाबा" निघायला हवं होतं. मी औंढ्याच्या नागनाथाला मनात नारळ बोलले.

पण सासूबाई दाराकडं तोंड करून म्हणाल्या, "हिला इचार. दिवस हिनंच बसवलाय."

दीर भिंतीकडं बघत, मला नव्हे तर भिंतीला म्हणावं तसं, बोलले, "काय चुकून राहिलं?"

मी सासूबाईंच्या कानाशी कुजबुजले, न्हाणं कधी घालतात ते विचारा. सासूबाईंनी विचारलं. दीर म्हणाले, तिथं विहीर लांब, भिस्ती पाण्याची पखाल घेऊन येतो तो जिनिंगचा दुपारचा भोंगा झाल्यावर. तेव्हा न्हाणं.

"मग सकाळची झोप?" माझ्या सांगण्यावरून सासूबाईंनी पुढं विचारलं.

"न्हाणं झाल्याबिगर झोळी न्हाई, असं शिकवलंय ना! ती जागंच ठेवती पोरीला. डोळे मिटले की उचलून घेती, टाळ्या वाजवती."

माझ्या डोळ्यापुढं सगळं आलं. अगं बाई माझे! शेळ्या, तेल, न्हाणं, धुरी, झोळी, हा क्रम त्या भल्या बाईनं देवाच्या पूजेसारखा धरला होता. पाणी दुपारी येतं म्हणून न्हाणं दुपारी, न्हाणं न्हाई म्हणून झोप न्हाई. तोवर भुकेनं रडते म्हणून दूध पाजायचं आणि त्या भरल्या पोटी पायावर पालथं घालून चोळायचं, मग ओकणार न्हाईतर काय करणार? शिणलेलं लेकरू खिचडी खात नसतं, नुसतं रडतं. ते दिवस मावळताना आपसूक झोपी जायचं, तर तिन्हीसांज म्हणून त्याला हलवून उठवायचं. त्यात लेकराचं मन बिन काही नव्हतं. दिवसाचा पहिला टाका उसवला होता, म्हणून सगळं उसवत गेलं.

हे त्या क्षणी फक्त मला कळलेलं होतं. बाकी कुणाला कळणार नव्हतं. मी "मला काय ठाऊक" म्हटलं असतं तर सांजच्याला गाडी जुंपली असती आणि माझी लेक माझ्या पदराखाली आली असती.

सासूबाई म्हणाल्या, "बोल की गं. काहून गप्प?"

लेक तिकडं उपाशी आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हिंगोलीला जायला गाडीला वेळ लागतो, यायला वेळ लागतो, तोवर तिनं अजून किती रडायचं? तोंड उघडलं तर सगळं भडाभडा बाहेर पडलं. रीत सोडून दाराआडून मोठ्यानं बोलले, सासूबाईंच्या कानात न्हाई. "सकाळी ओल्या फडक्यानं अंग पुसा अन् डोळे चोळले की झोळीत घाला. न्हाण्यासाठी झोप अडवू नका. पखालीचं पाणी साठवून ठेवा. दुपारच्या झोपेतून उठली की आधी तेल अन् न्हाणं, ऊन हाय तवर, दूध त्याच्यानंतर. म्हंजी दिवा लागंस्तोवर जागी ऱ्हाईल. दूध पाजून लगी न्हाऊ घालू नका!"

दीर उठले. भिंतीला म्हणाले, "बराबर." पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर रंग आला. पाणी प्यायले, भाकरी खाल्ली आणि गेले. सासूबाईंनी त्या दिवशी माझ्या ताटात तूप जास्त वाढलं.

हिंगोलीच्या आठवडी बाजाराला गेलेल्या माणसाकडून निरोप आला. पोरगी खाती, झोपती, बाळसं धरलंय. घरातली सगळी खूश. मी चुलीपुढं बसून रडले आणि धूर लागला म्हणाले.

मला मुलगा झाला. बारशाला जाऊबाई आल्या, लेकीला बोटाला धरून. चालत आली ती! पायात वाळे, डोळ्यांत काजळ, गाल भरलेले. मी बाळंतिणीच्या खाटेवरूनच हाका मारल्या. ती जाऊबाईंच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली. आत सांगून मी आधीच मुगाची मऊ खिचडी करून ठेवायला लावली होती, तुपाची धार घालून. वाटी हातात घेऊन म्हटलं, आणा तिला, भुकेजली असेल.

जाऊबाई हसून म्हणाल्या, "धाकटे, आता या वख्ताला न्हाई खात ती. आता तिला सकाळची झोप नको असती, दुपारीच एकदा झोपती. उठल्यावर जेवती. अन् मऊ न्हाई, आता भाकरी कुस्करून दुधात." सगळा दिवस त्यांनी मला सांगितला, सकाळपासून रातीपर्यंत. उलटं बोलायला काही नव्हतं, बरोबर सांगत होत्या. मोठं होणाऱ्या लेकराचा दिवस असाच बदलायला हवा.

मी व्हय व्हय म्हणत ऐकत राहिले.

मग त्यांनी लेकीला उचलून माझ्या खाटेपाशी आणलं, पाळण्यातलं बाळ दाखवलं आणि माझ्याकडं बोट केलं. "बघ, कुनाचं बाळ हे? काकूचं बाळ. म्हन, काकू."

लेकीनं माझ्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "काकू."

मी म्हटलं, "शाणी गं माझी बाय," आणि खिचडीची वाटी खाली ठेवली.