मथळे नसलेलं उत्तर

बी.ए.चे इतिहासाचे पेपर तपासायची माझी पहिलीच वेळ. यवतमाळच्या केंद्रावर, तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या नियामकांनी मला टेबलाशी बोलावलं. शेजारच्या परीक्षकाचा अख्खा गठ्ठा त्यांनी सकाळीच परत तपासायला लावला होता.

"मॅडम, दहापैकी नऊ काहून? एकही मथळा नाही, गोष्टच लिहून ठेवली पोराने."

प्रश्न १८५७ च्या उठावाच्या कारणांचा होता. आदर्श उत्तरात पाच कारणं, प्रत्येकाला दोन गुण. मुलाने अवधच्या एका शिपायाची हकिकत सलग लिहिली होती. मी एकेक ओळ बोटाने दाखवू लागले. राज्य खालसा झालं, हे राजकीय. घरचा शेतसारा वाढला, हे आर्थिक. भत्ता बंद झाला, हे लष्करी. पण तिथे तो एका ओळीत आटोपला, म्हणून एकच गुण. काडतुसं, हे तात्कालिक.

"आणि धार्मिक?"

"काडतुसांची चरबी, सर."

"ते तर तुम्ही आत्ताच मोजलं. एका वाक्याले दोनदा गुण?"

मी परिच्छेद पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग पान उलटल्यावर सापडलं: आपल्याला बाटवतील, या भीतीने गावची माणसं धास्तावली होती.

नियामकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि हिरव्या पेनाने सही केली. "नऊ बरोबर आहेत. पण समासात मुद्दा लिहीत जा."

जागेवर येऊन मी पुढचा पेपर उघडला. त्यात पाचही मथळे ठळक होते, पण त्यांच्याखाली खरंच पाच वेगळी कारणं असतील का, म्हणून आता मला त्यांचीही भीती वाटत होती.