आमोस साळवे यांचे अगत्याचे निमंत्रण

भिंगारच्या एका छापखान्यात आमोस साळवे यांनी बेचाळीस वर्षे लग्नपत्रिकांचा मजकूर लिहिला. बोलावताना कोणालाही वगळू नये, हे त्यांचे नीतितत्त्व होते. या तत्त्वापायी त्यांची सून लिडिया नोकरी गमावण्याच्या बेतात आली.

फैयाज यांच्या जिममध्ये ती प्रशिक्षक होती. सकाळी सहा ते सात अशी स्त्रियांची नवी बॅच सुरू व्हायची होती. मात्र आठवड्यात दहा जणी न मिळाल्यास तो तास पुन्हा पुरुषांना जाणार आणि लिडियाचे काम संपणार, असे ठरले होते. मोबाईलवर पाठवायचा मजकूर तिने सासऱ्यांकडे सोपवला.

"मामा, बायकांना आपलेपणा वाटला पाहिजे."

मामांनी लिहिले : 'भगिनींच्या नूतन व्यायामवर्गाच्या शुभारंभास आपण सहकुटुंब, सहपरिवार अगत्याने यावे.' लिडियाने घाईत फक्त तारीख आणि वेळ तपासली.

सोमवारी सहाला एकवीस स्त्रिया काठपदराच्या साड्या नेसून, गजरे माळून हजर झाल्या. मागे नवरे, मुले, दोन सासवा. शेजारच्या अख्तरी यांचे यजमान गनीभाई थेट व्यायामाच्या सायकलवर बसले.

"नाश्ता किती वाजता हाय?"

"गप बसा," अख्तरी म्हणाल्या. "आधी भाषणं असत्यात."

फैयाज यांनी लिडियाला बाजूला घेतले. "ही बॅच आहे का लग्नानंतरचा वलीमा?"

तेवढ्यात अख्तरी लिडियाशी हळू बोलू लागल्या. "मला यायचंय गं. पन हितं गडी असनार का? शिकवनार कोन? सलवार-कमीज चालंल? अन् वजन सगळ्यांपुढं करत्यात का?"

शुभारंभाला आलेले आमोस ऐकत होते. पत्रिकेत कधी न आलेले हे प्रश्न त्यांनी कागदावर उतरवले. पहिल्याच उत्तराशी त्यांचे पेन अडले.

"पुरुषांना येऊ नका म्हणायचं? मी असं कधी लिहिलं नाही."

"लिहा, मामा," लिडिया म्हणाली. "ह्या बायकांचं अगत्य त्यातच आहे."

नवा मजकूर दारावर लागला आणि मोबाईलवरही गेला : 'सकाळी सहा ते सात फक्त महिला. या वेळेत पुरुषांना प्रवेश नाही. शिकवणार लिडियाताई. सैल, सोयीचे कपडे चालतील. पूर्वी व्यायाम केलेला नसला तरी या. वजन करायचे की नाही, तुम्ही ठरवा, केल्यास एकांतात. पहिले तीन दिवस येऊन पाहा, मग नाव नोंदवा.'

गुरुवारी तेरा नावे नोंदली गेली. फैयाज यांनी तो तास लिडियाच्या नावे केला.

शुक्रवारी साडेसहाला आमोस चौकशीसाठी जिमपाशी गेले. अख्तरी घामाघूम होऊन दारात आल्या.

"आमोसभाऊ, पाटी कोनी लिवली?"

"मी."

"मंग वाचा."

त्यांनी दुसरे वाक्य दोनदा वाचले. ते आपल्यालाही लागू आहे, हे मान्य करून ते बाहेरच्या बाकावर सात वाजेपर्यंत बसून राहिले. बाक गनीभाईंनी आधीच निम्मे अडवले होते.