मे महिन्यातली सनस्क्रीन

मे महिन्यासाठी मी सनस्क्रीनच्या दोनशे चाळीस नळ्या मागवल्या. शहाद्याच्या आमच्या कॉस्मेटिक्सच्या दुकानात त्यातल्या अकरा विकल्या गेल्या.

दुकान खरं बायकोचं. मी वेळ घालवायला गल्ल्यावर बसणारा निवृत्त मास्तर. तिच्या ऑर्डरच्या वहीवर माझा डोळा होता. बहिणीच्या बाळंतपणाला ती दीड महिना सुरतला गेली, तेव्हा वही हाती लागली. जाताना एवढंच म्हणाली, "काही बदलू नका हं. आणि तेलाची वरची फळी जूनसाठी आहे."

वहीत फेब्रुवारी-मार्चला सनस्क्रीन साठ नळ्या, एप्रिलला वीस, मेला पाच. मला हसू आलं. बिचारी! फेब्रुवारीत साठ खपतात, तर मेच्या भट्टीत किती खपतील? मी साठाच्या चौपट मागवल्या. एजन्सीच्या पोऱ्याने दोनदा विचारलं, "काका, नक्की? न विकलेला माल परत नाही घेत हं." मी त्याला तापमान सांगितलं.

माल आला आणि रस्ता सुना पडला. सनस्क्रीन घेणाऱ्या होत्या कॉलेजच्या आणि नर्सिंगच्या होस्टेलमधल्या मुली. त्या परीक्षा देऊन डोंगरात आपापल्या गावी गेलेल्या. उरलेलं गाव तोंडाला रुमाल बांधून फिरत होतं.

मग मी स्कीम काढली: एका नळीवर खोबरेल तेलाची बाटली फुकट. तेल वरच्या फळीवरचं. पाटी लावली आणि मला वाटलं, मीच व्यापारी.

जवळच्या ब्राह्मणपुरी गावची एक आजी आली. पाटी नातवाकडून वाचून घेतली. तेल पिशवीत टाकलं आणि नळी माझ्याकडे सरकवली. "हाई तूच ठेव, भाऊ. मन्हं तोंड पन्नास वरीस उनमा तापेल शे. आते काय गोरं व्हई?"

"पण आजी, नळीचे पैसे..."

"तेलना पैसा ले मंग. नळीना कसाले?"

मी तेलाचेच घेतले, तेही घासाघीस होऊन निम्मे. बातमी पसरली. पुढच्या बाया नळी घेण्याचं नाटकही करेनात. निम्म्या किमतीत वरची फळी रिकामी झाली, नळ्या तशाच.

जूनमध्ये होस्टेल उघडलं, नेमकं बायको परतली त्याच दिवशी. बारा मुलींचा घोळका आला. आभाळ भरलेलं. "काकू, तेल. वर्षाचं सगळं इथूनच घेणार बरं का!" बायकोने वरच्या रिकाम्या फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एजन्सीची गाडी मंगळवारशिवाय येणार नव्हती. मी घाईने नळी पुढे केली. मुली खिदळल्या आणि समोरच्या दुकानात शिरल्या. वर्षभरासाठी.

बायकोने वही उघडली, माझा आकडा पाहिला.

"तुम्ही मुली मोजायच्या सोडून ऊन मोजलंत. ऊन काय गिऱ्हाईक आहे? द्या ती वही इकडे, आणि त्या नळ्या आता तुम्हीच लावा, टकलाला."