दोघांच्या मापाची बाज

गिरणीतली माझी रात्रपाळी कायमची होती. सकाळी सहाला सुटायचं, पण बदलीचा माणूस आला नाही तर दहाही वाजायचे. बायको गावी खर्ड्याला, मी केडगावात दोघा कामगारांबरोबर एका खोलीत. स्वतंत्र खोली घेऊन तिला आणायचं, तर पगाराला जोड हवी होती, आणि माझी झोप होती लहरी. कधी सकाळी लागायची, कधी दुपारी, कधी मुळीच नाही.

आधी घरोघर पेपर टाकले. ज्या दिवशी गिरणीत अडकलो त्या दिवशी लोकांनी शिळे पेपर वाचले आणि माझं काम गेलं. मग किराणा दुकानात उभा राहिलो. तिथे तराजू हातात धरून उभ्या उभ्या डुलकी काढली. मालकाने गिऱ्हाइकांदेखत हात जोडून मला निरोप दिला. राग त्याचा नाही, माझ्या डोळ्यांचा आला.

वडिलांकडून एक विद्या आली होती, सुतळीची बाज विणायची. तिला वेळेचं बंधन नव्हतं. लोक बाजेचा सांगाडा दाराशी टाकून जायचे, मी जाग येईल तेव्हा विणायचो.

शेजारच्या मावशींची पहिलीच बाज. विणून झाली, मी बाजेवर टेकलो आणि गाढ झोपलो. उठलो तर बाज झोळीसारखी लोंबलेली, समोर मावशी उभ्या. मेलो, म्हटलं. पायथ्याची दोरी ओढून बाज पुन्हा ताणून दिली.

"आता खरी ताणली," मावशी म्हणाल्या. "कोरी सुतळी एकदा अंगाखाली सैल व्हावीच लागती. न्हाईतर घरी नेऊन मलाच ताणावी लागली असती. आता समद्यांच्या बाजंवर आधी झोपत जा."

तेव्हापासून मी प्रत्येक बाज विणायचो, तिच्यावर झोपायचो आणि ताणून द्यायचो. झोपेचे पैसे मिळवणारा केडगावात मी एकटाच. पण परक्या बाजेवर पडलं की बायकोची फार आठवण यायची. एक सांगाडा दोघांच्या मापाचा करवून घेतला आणि फावल्या वेळात विणत राहिलो.

वर्षाने खोली मिळाली, बायको आली. बाज बघून हसली. "एवढी रुंद? मी काय लोळत फिरणार हाय व्हय?"

संध्याकाळी मी गिरणीत गेलो. सकाळी परतलो तेव्हा ती चुलीपाशी होती. मी बाजेवर आडवा झालो. ती रात्री झोपली त्या कडेला सुतळी अजून कोमट होती, दुसरी कडा ताठच्या ताठ.

"अहो, मधी झोपा की," ती म्हणाली.

मी माझ्याच कडेला झोपलो. पुढे कितीतरी वर्षं ती बाज मधे कधी सैल झालीच नाही.