पंचाण्णव हजारांची लेथ

आमचा गाळा उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये होता. एका बाजूला झिपा बनवणारे, दुसऱ्या बाजूला खोक्यांचा धंदा, मध्ये आम्ही. फर्ममध्ये भागीदार दोघंच, मी आणि हे. हे लोखंड कापायचे, मी आकडे. अंबरनाथच्या कारखान्यांना लागणारे छोटे शाफ्ट आणि बुश आम्ही करून द्यायचो, आणि जुन्या लेथवर, लोखंड कातायच्या यंत्रावर, ते काम आता जमेनासं झालं होतं. नवी लेथ चार लाखांची. ती बँकेकडून कर्ज काढून विकत घ्यायची की लीजवर, एवढाच प्रश्न होता. तो सोडवायची हौस मला, कारण लग्नाआधी मी अंबरनाथच्या एका सीएच्या ऑफिसात चार वर्षं काढली होती आणि मला वाटायचं, आपल्याला सगळं येतं.

त्या दिवसांत लीजिंगवाले गल्लोगल्ली फिरत होते. आमच्याकडे आलेला माणूस पांढरा शर्ट, टाय, हातात कॅल्क्युलेटर. "भाभीजी, मशीन आमची, काम तुमचं. वर्षाला एक लाख दहा हजार, पाच वर्षं, मग मशीन आमची आम्ही नेऊ." हे त्याच्याकडे असे बघत होते की जणू कोणीतरी मुलगी मागायला आलंय आणि हुंडा तोच ठरवतोय.

त्या रविवारी सकाळी गाळ्यातल्या बाकड्यावर मी वही उघडली. ह्यांना समोर बसवलं आणि शिकवायला लागले, तो माझा आवाज आजही कानाला लागतो.

"अहो, आधी समजून घ्या. लीजचं भाडं सगळंच्या सगळं खर्चात जातं. फर्मला कर शेकडा चाळीस, म्हणजे एक लाख दहा हजारांतले चव्वेचाळीस हजार करात वाचतात. आपल्या खिशातून जातात सहासष्ट हजार. पाच वर्षं. पण पाच वर्षांनी दिलेला रुपया आजच्या रुपयाएवढा जड नसतो, म्हणून तो आजच्या भावात आणायचा."

"कुठल्या भावाने?" हे म्हणाले. प्रश्न बरोबर होता, पण मी त्यांना पटकन शाबासकी दिली नाही.

"बँकेचं व्याज अठरा टक्के. पण व्याजही खर्चात धरतात, त्यावरचा कर वाचतो. म्हणून खरं व्याज पावणेअकरा. मी अकरा धरलेत."

लीजचा खर्च आजच्या भावात दोन लाख चव्वेचाळीस हजार निघाला. आता विकत घेण्याची बाजू. कर्जाचे हप्ते त्याच दराने मागे आणले की चार लाखच उरतात, तिथे काही जादू नाही. त्यातून घसाऱ्यावर, म्हणजे मशीनच्या झिजेवर, वाचणारा कर वजा करायचा. घसारा उरलेल्या किमतीच्या पंचवीस टक्के, दरवर्षी घटत जाणारा, त्यावर वाचलेला कर आजच्या भावात साडेपंचाण्णव हजार. आणि शेवटी पाच वर्षांनी मशीन विकली तर जे येईल ते.

"किती येईल?" मी विचारलं आणि उत्तरही मीच लिहिलं. घसारा वजा जाता वहीत उरलेली किंमत, पंचाण्णव हजार. आजच्या भावात सव्वाछप्पन्न. म्हणजे विकत घेण्याचा खर्च दोन लाख अठ्ठेचाळीस हजार. लीज चार हजारांनी स्वस्त.

ह्यांनी वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, "माझी लेथ पाच वर्षांनी पंचाण्णव हजारांची?"

"वहीत तेवढीच."

"वहीला तेल कोण घालतं? मी सांभाळलेली लेथ दोन लाखांच्या खाली कोणी मागून दाखवावी."

"कागद दाखवा," मी म्हणाले. "कोणाचं कोटेशन आहे? मनातला आकडा धरून हिशेब होत नाही."

कागद नव्हता. होती ती फक्त त्यांची जुनी लेथ, वीस वर्षांची, तिच्या बेडवर, खालच्या लोखंडी पाटावर, अजूनही तोंड दिसायचं. त्याच लेथला टेकून मी बसले होते. माझ्या जुन्या साड्यांचे चौकोनी तुकडे करून हे रोज संध्याकाळी तिला पुसायचे, तेलाचा हात फिरवायचे, मगच चूल पेटलेल्या घरी यायचे. फाडायला साड्या मीच द्यायची. तरी मला तो आकडा सुचला नाही, काय म्हणावं मला.

"मॅडम म्हणतील तसं," असं म्हणून हे उठले. चिडले नव्हते. चिडले असते तर मी भांडले असते आणि बहुतेक हरले असते.

लीजची लेथ आली. तिच्या अंगावर पितळी पट्टी होती, मालक कोण ते कोरलेली. खंडेनवमीला ह्यांनी तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. पट्टीवर मात्र कुंकू लावलं नाही, बोटाने तिच्याभोवती वळसा घातला. मी बघितलं. पुढची चार वर्षंही तसंच.

ती पाच वर्षं आमची सगळ्यात चांगली होती, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. दुपारी मी डबा घेऊन गाळ्यात जायची, हे हात न धुता घास घ्यायला बघायचे, मी ओरडायची. लेथचा तो एकसुरी आवाज ऐकत मी बिलं लिहायची. कधी कधी तो आवाज अजून ऐकू यावा म्हणून मी उगाच त्या गाळ्याच्या दारात थांबते, तर आत मोबाइलचं दुकान असतं.

मुदत संपली तेव्हा कामं कमी झाली होती. लीजवाला आला, टाय तोच असावा. म्हणाला, घ्यायची असेल तर घ्या, अंबरनाथचा एक कारखानदार दोन लाख दहा द्यायला तयार आहे. आमच्याकडे तेवढे नव्हते. दोन लाख दहा. मी घरी येऊन जुनी वही काढली आणि तो आकडा पंचाण्णवच्या जागी घालून बघितला. जास्तीच्या पैशावरचा कर वजा केला तरी विकत घेणं छत्तीस-सदतीस हजारांनी स्वस्त पडलं असतं. गणितात चूक नव्हती. चूक एका ओळीत होती, आणि ती ओळ म्हणजे हे होते.

मी वही त्यांच्यापुढे ठेवली. "माझं चुकलं," मी म्हणाले.

"अगं, तुझा हिशेब बरोबरच होता," हे म्हणाले. "त्यात मला कुठे बसवणार होतीस?"

टेम्पो यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी ती लेथ पुसली. एकेक कोपरा, एकेक स्क्रू. बेडला ग्रीस लावलं, वर माझ्या निळ्या साडीचा मोठा तुकडा पसरला, दुसऱ्याच्या हाती जाताना धूळ बसू नये म्हणून. पट्टीसुद्धा चकचकीत केली. मी म्हणाले, "एवढं कशाला? आता आपली नाही ती."

"आपली कधी होती?" हे म्हणाले आणि पुसत राहिले.

हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. गाळा विकला. घरात पुसण्यासारखं मशीन नाही, एक शिलाई मशीन होतं तेही देऊन टाकलं. तरी साडी विरली की मी ती टाकत नाही, कात्रीने चौकोनी तुकडे करते आणि पिशवीत भरून दारामागे लावते. सून विचारते, आई, एवढी फडकी कशाला? मी म्हणते, लागतात गं. कोणाला, ते तिला सांगवत नाही.