बत्तीस, आठ की सव्वीस?

सून पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेला बसली, तेव्हा मी जेमतेम साठीची पोर होते आणि स्वतःला भलतीच हुशार समजायचे. परीक्षेच्या आदल्या दुपारी जळोची गावातल्या आमच्या घरी ती एका गणितावर अडून बसली. अधिक म्हणजे गुणिले, गुणिले म्हणजे वजा, वजा म्हणजे भागिले आणि भागिले म्हणजे अधिक. तर ८ + ३ × १२ − ४ ÷ ५ किती?

"आत्याबाई, माझं आठ येतंय, पुस्तकात सव्वीस हाय. हे सुटलं न्हाय तर उद्या पेपरला जातच न्हाय मी."

"आण हिकडं!" मी पेन्सिल-खोडरबर घेतलं. आधी अधिक खोडून गुणिले केलं. मग दिसतील तेवढे गुणिले खोडून वजा, सगळे वजा खोडून भागिले, तेही खोडून अधिक. शेवटी कागदावर नुसती बेरीज उरली! "बत्तीस," मी ऐटीत सांगितलं.

सून खो खो हसली. "अवो, बदललेलं चिन्ह परत बदलायचं नसतं!" तिनं मूळ गणिताखाली प्रत्येक चिन्ह एकदाच बदलून लिहिलं: ८ × ३ − १२ ÷ ४ + ५. मग एकदम थांबली. "मी डावीकडून सरळच सोडवत गेले की! आधी गुणाकार-भागाकार. चोवीस वजा तीन, अधिक पाच. सव्वीस!"

वजाबाकी आधी लिहिलेली असून ती मागं का थांबते, हे माझ्या डोक्यात काही शिरेना.

सकाळी इंदापूरच्या केंद्रावर निघताना ती म्हणाली, "आत्याबाई, तुमी चुकला ते बरं झालं." ही शाबासकी होती की टोमणा, मला अजून उमगलेलं नाही.